चेहरा एकीचा, अंग दुसरीचं

प्रश्न: आमच्या ऑफिसात वाद झाला. मित्र म्हणतो, डीपफेक व्हिडिओवर 'एआयने बनवलेला' असं स्पष्ट लिहिलं, कोणाचे पैसे बुडाले नाहीत, कोणी फसलं नाही, तर त्यात चूक काहीच नाही. नकला तर आपल्याकडे पूर्वीपासून चालत आल्यात. मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते सांगता येत नाही. कायद्याची कलमं नकोत. चूक कोणावर होते आणि कशी, तेवढं सांगाल का?

उत्तर:

मी आधी बरीच वर्षं डबिंग आणि एडिटिंग केलं. आता लोकांनी आणून दिलेले व्हिडिओ खरे की खोटे हे तपासते. त्यामुळे या प्रश्नाकडे मी जरा एडिटिंगच्या टेबलावरूनच बघते. व्हिडिओतलं काय कुठून आलं हे एकदा नीट कळलं, की चूक कोणावर झाली तेही बरंचसं उलगडतं.

तुमचा मित्र 'कोणी फसलं का?' एवढंच विचारतोय. तो प्रश्न बघणाऱ्याचा आहे. डीपफेकमध्ये बघणाऱ्याशिवाय आणखी माणसं असतात, आणि त्यांच्यावर जे होतं ते खाली लिहिलेल्या एका ओळीने पुसलं जात नाही. एक प्रसंग घेऊन बोलू, म्हणजे हवेत राहणार नाही.

नोव्हेंबर 2023 मध्ये रश्मिका मंदानाचा म्हणून एक छोटा व्हिडिओ फिरला. काळे, अंगाबरोबर बसणारे कपडे घातलेली एक तरुणी लिफ्टमध्ये शिरते, एवढाच. तो खोटा आहे हे दोन-तीन दिवसांत सगळ्यांना कळलं. मूळ व्हिडिओ एका ब्रिटिश-भारतीय तरुणीने 9 ऑक्टोबरला स्वतःच्या इन्स्टाग्रामवर टाकलेला होता आणि त्यातला फक्त चेहरा बदलला होता. ती तरुणी कोण हे तेव्हा छापून आलं होतं, पण तिचं नाव मी इथे मुद्दाम घेत नाही.

तो व्हिडिओ मी तेव्हा फ्रेम फ्रेम करून पाहिला. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये व्हिडिओ थांबवून `E` दाबत गेलं की एकेक फ्रेम पुढे सरकते. ती तरुणी लिफ्टच्या दारातून आत येते तेव्हा अगदी सुरुवातीला तिचा स्वतःचा चेहरा दिसतो आणि लगेच पुढे तिथे रश्मिकाचा चेहरा येतो. चेहरा बदलणाऱ्या सॉफ्टवेअरला समोरचा चेहरा पुरेसा सापडला की ते आपला चेहरा त्यावर बसवतं. तो तिरका असेल, अर्धा झाकलेला असेल किंवा नुकताच चौकटीत येत असेल, तर त्याची पकड सुटते. म्हणून असे व्हिडिओ तपासताना मी आधी सुरुवात, शेवट, मान वळते ते क्षण आणि चेहऱ्यासमोरून हात जातो ते क्षण बघते.

त्या सेकंदाला एका अंगावर दोन बायका पाठोपाठ येऊन जातात. बातम्या सगळ्या दुसरीच्या आल्या.

हे सॉफ्टवेअर नेमकं काय करतं ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. जुन्या पद्धतीत दोन माणसांचे हजारो फोटो लागत. एकच यंत्रणा दोघांच्या चेहऱ्यातले हावभाव वाचायला शिकायची, म्हणजे डोळे किती उघडे, ओठ कसे, मान कुठे. मग पहिलीचे हावभाव वाचून ते दुसरीच्या चेहऱ्यात रंगवायचे. आता एका चांगल्या फोटोवरही काम भागतं. पण जुनं असो की नवं, सहसा बदलतो तो भुवयांपासून हनुवटीपर्यंतचा भाग. केस, कान, गळा, खांदे, हात, चाल, उभं राहण्याची ढब हे सगळं मूळ व्हिडिओतल्या माणसाचंच राहतं. हसूसुद्धा तिचंच असतं, फक्त दुसरीच्या चेहऱ्यावर उमटवलेलं. 'सगळं कॉम्प्युटरने केलंय' असं लोक म्हणतात तेव्हा ते निम्मंच खरं असतं.

म्हणजे या व्हिडिओत चेहरा एकीचा, अंग दुसरीचं आणि हेतू तिसऱ्याचा आहे. बघणारा चौथा. तुमचा मित्र फक्त या चौथ्याबद्दल बोलतोय.

आधी रश्मिकाचं बघू. तिने तेव्हा जाहीरपणे लिहिलं होतं की तिला फार दुखावल्यासारखं वाटलं आणि भीती वाटली, आणि हेच शाळा-कॉलेजात असताना झालं असतं तर आपण कसं तोंड दिलं असतं याची कल्पनाही करवत नाही. इथे कोणी म्हणेल, व्हिडिओ खोटा आहे हे लोकांना कळलं, मग दुखावण्यासारखं काय उरलं? उरतं ते असं. आपला चेहरा हा आपला नुसता फोटो नसतो. समोरचा आपल्याला ओळखतो तो चेहऱ्याने, आणि आपण कुठे, कोणासमोर, कसं दिसायचं हे आपण दिवसभर ठरवत असतो. कामावर एक, घरी एक, मैत्रिणींत एक. नटीसुद्धा ठरवते: ही भूमिका करीन, ही नाही, हा सीन करीन, हा नाही. तो व्हिडिओ करणाऱ्याने हे ठरवणं तिच्या हातून काढून घेतलं. तिच्याबद्दल खोटं बोलणं ही एक गोष्ट झाली. तिच्याच चेहऱ्याकडून काहीतरी करून घेणं ही वेगळी गोष्ट. माझ्याबद्दल कोणी अफवा उठवली तर मी म्हणते, 'तो खोटं बोलतोय.' इथे मीच मला ते करताना दिसते.

लेबलाने इथे काय बदललं असतं? बघणारा फसला नसता, हे खरं. पण तिच्याकडून करून घेतलेलं तसंच राहिलं असतं. अश्लील डीपफेकमध्ये हे लख्ख दिसतं. त्या साइटवर जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला माहीत असतं की व्हिडिओ खोटा आहे. कित्येकदा शीर्षकातच तसं लिहिलेलं असतं. फसवणूक शून्य. तरी ज्या बाईचा चेहरा तिथे आहे तिला कोणी सांगून बघावं, की बाई, खाली लिहिलंय ना, मग तुझं काय गेलं? 'डीपफेक' हा शब्दच 2017 च्या शेवटी रेडिटवर या नावाने वावरणाऱ्या एकाने नट्यांचे चेहरे असल्या व्हिडिओंवर लावून टाकले तेव्हा रुळला. तिथे कोणाला काही पटवून द्यायचं नव्हतंच.

यावर पुढचा प्रश्न हमखास येतो: मग नुसतं मनात कल्पना करणंही चूक का? मला यात फरक दिसतो. मनातली गोष्ट मनात राहते. ती कोणाला फॉरवर्ड करता येत नाही, तिचा स्क्रीनशॉट निघत नाही, आणि ज्याच्याबद्दल कल्पना केली त्याला ती कधी दाखवता येत नाही. व्हिडिओ झाला की ती वस्तू झाली. ती त्या बाईच्या भावाच्या फोनवर पोचू शकते. आणि पाहिल्यानंतर 'हे खोटं आहे' हे कितीही माहीत असलं तरी पाहिलेलं न पाहिलेलं होत नाही. माझ्याकडे येणाऱ्या बायका हेच वेगवेगळ्या शब्दांत सांगतात. ऑफिसात सगळे म्हणतात, आम्हाला माहितीये तू नाहीस ती. पण बोलताना नजर क्षणभर चुकवतात, आणि ते चुकवणं तिला कळतं.

आता दुसरी तरुणी, जिचं अंग होतं. तिच्याबद्दल लोक जवळजवळ बोलतच नाहीत, म्हणून मी जास्त बोलते.

तिने व्हिडिओ स्वतः टाकला होता, सगळ्यांना बघायला. मग तिची संमती होतीच की, असं म्हणणारे मला भेटलेत. तिने संमती दिली ती बघायला, आणि तेही तिला तिच्याच चेहऱ्याने बघायला. अंगणात रांगोळी काढली म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याने बघावी अशीच इच्छा असते. म्हणून कोणी त्यावर आपल्या दुकानाचं नाव टाकून फोटो छापावा असा त्याचा अर्थ होत नाही. आणि इथे तर रांगोळी नाही, माणूस आहे. तिचा चेहरा पुसला आणि राहिलेलं अंग सामान म्हणून वापरलं. रश्मिकाच्या बाबतीत नको तितकं दाखवलं, हिच्या बाबतीत तिला स्वतःलाच काढून टाकलं. आपल्याच चालीने चालणारं आपलं अंग लाखो लोक बघतायत आणि त्यात आपण नाही, हे काय असतं त्याला आपल्याकडे अजून शब्द नाही.

या तरुणीनेही तेव्हा लिहिलं होतं की यात तिचा काही सहभाग नाही आणि जे झालं त्याने ती अस्वस्थ आहे. आपला काही संबंध नाही हा खुलासा तिला करावा लागला.

आणि एक गोष्ट तेव्हा माझ्या ओळखीच्या एका ग्रुपवर घडली, ती मला अजून टोचते. तिथे एका सज्जन गृहस्थांनी रश्मिकाची बाजू घेत लिहिलं, 'ती असले कपडे घालणाऱ्यांतली नाहीच.' त्यांचा हेतू चांगला होता. पण त्या वाक्याने एका बाईवरची लाज उचलून दुसरीच्या माथी टाकली. जिने मुळात लाजण्यासारखं काही केलंच नव्हतं. आपल्या आवडीचे कपडे घालून ती लिफ्टमध्ये शिरली होती. व्हिडिओ खोटा ठरवतानाही अशी दुखापत होते, आणि ती करणारे डीपफेक बनवणारे नसतात, आपण असतो. आता मी अहवालात 'ही अमुक नव्हे' एवढंच लिहून थांबत नाही. मूळ व्हिडिओतल्या व्यक्तीनेही यात काही केलेलं नाही, हे वेगळं वाक्य करून लिहिते.

तिसरा, करणारा. जानेवारी 2024 मध्ये दिल्ली पोलिसांनी आंध्र प्रदेशातल्या गुंटूरच्या 24 वर्षांच्या एका इंजिनियरला पकडलं. पोलिसांनी सांगितलं त्याप्रमाणे तो रश्मिकाचंच फॅनपेज चालवत होता आणि फॉलोअर वाढावेत म्हणून त्याने हे केलं. तो वैरी नव्हता, चाहता होता. मित्राला हे जरूर सांगा, कारण 'वाईट हेतू नव्हता' हा युक्तिवाद इथे पुरा तपासून बघता येतो. त्याला तिची बदनामी करायची नसेलही. पण दोन बायकांपैकी एकीलाही विचारावं असं त्याला वाटलं नाही. आवडतं माणूस आवडता आवडता कच्चा माल कधी झालं, हे त्याला कळलंच नाही. मला तर वाटतं वैऱ्यापेक्षा हे जास्त सर्रास घडतं, आणि शाळा-कॉलेजातली मुलं वर्गातल्या मुलींच्या बाबतीत 'गंमत' म्हणून जे करतात त्याची जात हीच आहे.

आता नकलेचा मुद्दा. तो हलका नाही, म्हणून नीट बघू. आपल्याकडे बहुरूपी दारात पोलिसाच्या वेषात येतो, दरडावून 'वॉरंट आहे' म्हणतो, घरातली पोरं घाबरतात. हेही सोंगच. पण तो स्वतःच्या पायांनी तुमच्या दारात उभा असतो. वेषाखाली त्याचा चेहरा त्याचाच असतो आणि दोन मिनिटांत हसून तो बिदागी मागतो. त्याच्या पोटापाण्याची सोयच सोंग उघडं पडण्यात आहे. शिवाय तो 'पोलीस' होतो, तुमच्या ठाण्यातले अमुक साहेब होत नाही. मिमिक्रीवाला नावानिशी नक्कल करतो, पण तिथेही समोर उभा तोच असतो. त्याचा चेहरा आणि नकललेलं माणूस यांच्यातलं अंतर आपल्याला दिसतं, म्हणून तर टाळी पडते. बालगंधर्वांच्या शालूवर बायका भाळत, पण तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं की आत पुरुष आहे.

नकलेत करणारा दिसतो, त्याला जाब विचारता येतो, आणि तो आपल्या अंगाने, आपल्या गळ्याने मेहनत करतो. डीपफेकमध्ये करणारा नाहीसा होतो आणि ज्याची नक्कल केली तोच करताना दिसतो. व्यंगचित्रातही नेत्याचं नाक लांब काढलेलं असतं आणि कोपऱ्यात चित्रकाराची सही असते. म्हणून राजकीय टिंगल करणारा डीपफेक असेल तर मी दोन गोष्टी बघते: तो खरा वाटावा म्हणून केलाय की खोटा दिसावा म्हणून, आणि करणाऱ्याने आपलं नाव खाली टाकलंय का. दोन्हींची उत्तरं नीट आली तर ते व्यंगचित्राच्या घराण्यातलं आहे, आणि ते बंद करा असं मी म्हणणार नाही.

इथवर संमती नसलेले व्हिडिओ झाले. आता उलटं बघू: ज्याचा चेहरा त्याची तक्रार नाही, तरी चूक. फेब्रुवारी 2020 मध्ये, दिल्ली विधानसभेच्या मतदानाच्या आदल्या दिवशी, भाजपचे तेव्हाचे दिल्लीचे अध्यक्ष मनोज तिवारी यांचे व्हिडिओ व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरले. एकात ते इंग्रजी बोलतात, एकात हरियाणवी. हरियाणवी ते बोललेच नव्हते. आवाज डबिंग कलाकाराचा होता आणि ओठ सॉफ्टवेअरने त्या शब्दांवर हलवलेले. पक्षाच्याच प्रचारातून हे झालं. तिवारींवर अन्याय झाला असं कोणी म्हणणार नाही. शब्दही प्रचाराचे नेहमीचेच होते.

मग चूक कोणावर? ज्याची घरची बोली हरियाणवी, त्या मतदारावर. आपल्याकडचं उदाहरण घ्या. बाहेरून आलेला अधिकारी अडखळत का होईना मराठीत बोलला की आपण विरघळतो. शब्दांमुळे नाही, त्याने आपल्यासाठी कष्ट घेतले म्हणून. जिभेला न सवयीचा 'ळ' त्याने घोकलाय हे आपल्याला ऐकू येतं. तिवारींच्या त्या व्हिडिओत नेमका हा कष्टांचा पुरावा बनवला होता. मतदाराला वाटलं हा माणूस आपल्या बोलीपर्यंत चालत आला. तो आला नव्हता. मजकुरातल्या शब्दांत खोटं काही नसलं तरीही इतकी फसवणूक होऊ शकते, हे मी या प्रसंगातून शिकले.

माझं अर्धं आयुष्य डबिंगमध्ये गेलं, त्यामुळे मला लगेच विचारतात, मग डबिंगही फसवणूकच की. नाही. डब केलेला सिनेमा बघायला बसणाऱ्याला ठाऊक असतं की हा नट मराठी बोलत नाही. डिसेंबर 2023 मध्ये वाराणसीच्या काशी तमिळ संगममध्ये पंतप्रधानांनी भाषण थांबवून तमिळ पाहुण्यांना इयरफोन लावायला सांगितलं आणि एआयने भाषांतर ऐकू येईल असं बोलून दाखवलं. तंत्र दोन्हीकडे जवळचंच. तिथे ऐकणाऱ्याला काय मिळतंय ते आधी सांगितलं गेलं, दिल्लीत तेच झाकण्यावर सगळं उभं होतं. लेबलाची खरी जागा इथे आहे. संमती पूर्ण आहे आणि प्रश्न फक्त बघणाऱ्याचा आहे, तिथे लेबल जवळजवळ सगळं काम करतं. तुमचा मित्र हे औषध दुसऱ्याच दुखण्यावर लावतोय.

तेही टिकलं तर. कोपऱ्यातली पट्टी क्रॉप होते. फाइल व्हॉट्सअॅपवरून पाठवली किंवा स्क्रीन रेकॉर्ड केली की तिच्या पोटातली माहिती बहुतेकदा निघून जाते. मूळ पोस्टखालचं 'हे एआयचं आहे' पोस्टबरोबरच राहतं, व्हिडिओ एकटाच पुढे जातो. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या फायलींत लेबल असलेली क्वचितच असते, आणि मूळ शोधलं की कित्येकदा तिथे लेबल सापडतं. म्हणून ज्याला व्हिडिओ बनवायचाच आहे त्याला मी सांगते, पट्टी कोपऱ्यात नको, व्हिडिओतल्या माणसाच्या तोंडूनच पहिल्या वाक्यात वदवा.

सचिन तेंडुलकरांच्या प्रकरणात यातल्या बऱ्याच चुका एकाच व्हिडिओत आल्या. जानेवारी 2024 मध्ये ते स्वतः एका गेमिंग अॅपची शिफारस करतायत आणि मुलगी सारा त्यातून पैसे कमावते असं सांगतायत, असा व्हिडिओ फिरला. त्यांनीच एक्सवर टाकून तो खोटा असल्याचं सांगितलं. इथे अंगही त्यांचं, चेहराही त्यांचा. फक्त आवाज बनवलेला आणि ओठ त्याप्रमाणे हलवलेले. पैसे बुडालेले लोक दिसतात, म्हणून याला आपण नुसती आर्थिक फसवणूक समजतो. पण चोरलं काय ते बघा. आपल्या घरात 'सचिन सांगतोय' याला जी किंमत आहे ती त्या माणसाने वर्षानुवर्षं जपून कमावली. ती पत एका दुपारी दुसऱ्याच्या खिशात गेली. आणि मुलीचं नाव घालण्याचं कारण उघड आहे: बाप मुलीबद्दल खोटं बोलणार नाही, हा आपला भरवसा त्यांना हवा होता. ज्याला बापावर विश्वास ठेवता येतो तोच इथे फसतो. त्याला मूर्ख म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

आता एक माझ्या जवळचं. माझ्या नात्यातल्या एका लग्नात पोरांनी हौसेने नवरीच्या वारलेल्या आजोबांचा आशीर्वादाचा व्हिडिओ केला. जुन्या कॅसेटमधून आवाज घेतला, एका फोटोला बोलतं केलं. सगळ्यांना माहीत होतं की हे बनवलेलं आहे. फसवणूक नाही, पैसे नाहीत, हेतू प्रेमाचा. तुमच्या मित्राच्या सगळ्या अटी पुऱ्या. पडद्यावर आजोबा म्हणाले, 'सुमन, आज आपली नात सासरी निघाली.' हॉलमध्ये सगळे डोळे पुसत होते. आजी मात्र ताठ बसून होत्या. नंतर मी शेजारी बसले तेव्हा हळूच म्हणाल्या, 'ते मला कधी नावाने हाक मारत नसत. अगं ए, एवढंच.' दोन महिन्यांनी त्यांनी मला ती जुनी कॅसेट मागितली. म्हणाल्या, आता डोळे मिटले की तोच 'सुमन' ऐकू येतो, 'अगं ए' येतच नाही.

त्या पोरांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. पण चूक झाली. आजोबांना विचारता येत नव्हतं, आजींना येत होतं, आणि 'सरप्राइज' म्हणून विचारलं नाही. पन्नास वर्षांची एक हाक त्यांच्याजवळ होती, तिच्यावर तीस सेकंदांची दुसरी हाक बसली. गेलेल्या माणसाच्या बाबतीत संमती कोणाची घ्यायची हा प्रश्न मला पुरता सुटलेला नाही. एवढं मात्र मी आता पाळते, की त्याच्या आठवणीवर जे माणूस जगतंय त्याने आधी एकट्याने तो व्हिडिओ बघितल्याशिवाय तो चार माणसांत लावायचा नाही.

संमतीबद्दल कामातलं एक सांगते. आवाज देणाऱ्या कलाकारांपुढे 'सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी, सर्व तंत्रज्ञानांसाठी' असे करार येतात. सही केली म्हणजे संमती झाली, असं कंपनी म्हणते. पण आवाजाची नक्कल करून ठेवू देणं म्हणजे कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही करणं. उद्या त्यावर कोणतं वाक्य लिहिलं जाईल ते तुम्हाला माहीत नसतं. माणूस 'हो' म्हणतो ते कशाला तरी म्हणतो. म्हणून मी कलाकारांना सांगते, कोणती वाक्यं, कुठे वाजणार, किती दिवस, आणि बाहेर जाण्याआधी मला ऐकवणार का, हे चार प्रश्न लेखी विचारा. चारांपैकी एकाचंही उत्तर 'बघू' असेल तर ती संमती नव्हे.

आणि या सगळ्याचा एक फटका अशांना बसतो ज्यांचा कुठल्याच डीपफेकशी संबंध नाही. एक बाई घरातल्या शिवीगाळीचं खरं रेकॉर्डिंग घेऊन माझ्याकडे आली. घरात ऐकवलं तर नवरा शांतपणे म्हणाला होता, 'हे एआयने केलंय.' रेकॉर्डिंग खरंच होतं. फाइल मूळ फोनमधली होती, मागे कुकरची शिट्टी आणि खालून जाणारा भंगारवाला अगदी सलग ऐकू येत होता. पण शिवीगाळ सोसून वर रेकॉर्डिंग खरं असल्याचा पुरावा तिलाच गोळा करावा लागला. 2023 मध्ये अमेरिकेतल्या एका खटल्यात टेस्लाच्या वकिलांनीही इलॉन मस्कची जुनी वक्तव्यं डीपफेक असू शकतात असं म्हणून बघितलं होतं, आणि न्यायाधीशांनी ते मानलं नाही. त्या बाईच्या स्वयंपाकघरात न्यायाधीश नव्हते.

मित्राशी पुन्हा बोलाल तेव्हा व्याख्या बाजूला ठेवा आणि एकेक व्हिडिओ घेऊन विचारा: यात चेहरा कोणाचा, अंग कोणाचं, आवाज कोणाचा, भरवसा कोणाचा वापरलाय, आणि यातल्या कोणाकोणाला विचारलं होतं. मीही तेच करते. चेहरा बदललेला व्हिडिओ आला की त्यातल्या आठ-दहा फ्रेम काढून त्या चित्रांवरून इंटरनेटवर उलट शोध घेते, चेहरा वगळून, कपडे, भिंत, पडदा यांवरून. मूळ सापडलं तर त्या दुसऱ्या माणसाला शोधून कळवते. हे मला कोणी सांगितलेलं काम नाही, त्याचे पैसेही मिळत नाहीत.

मागे अशाच एका मुलीला कळवलं. एका नटीच्या चेहऱ्याने फिरणारा नाचाचा व्हिडिओ मुळात तिचा होता, तिने मावशीच्या गच्चीवर केलेला. तिला तोवर काहीच माहीत नव्हतं. तिने तो पाहिला आणि बराच वेळ काही लिहिलं नाही. मग एकच मेसेज आला: 'ताई, हातातली बांगडी माझ्या आईची आहे. ती दिसतेय त्यात.'